फोमची गादी इतक्या लवकर का पेटते?

आमच्या डॉर्मिटरीतल्या गाद्या काथ्याच्या आहेत. सुट्टीत घरी गेलो की फोमच्या गादीवर पाठ टेकताच बरे वाटते, हे कोणताही कॅडेट मान्य करील. पण ही मऊ गादी पेटल्यावर काय होते, हे रसायनशास्त्राच्या तासाला पॉलिमर शिकताना मी शोधून पाहिले, आणि एका आगीची हकिकत वाचली.

8 मे 1979 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहरातल्या वूलवर्थ्स या मोठ्या दुकानाला आग लागली. दुसऱ्या मजल्यावर विक्रीचे फर्निचर रचून ठेवले होते आणि त्याच मजल्यावर उपाहारगृह होते. रचलेल्या फर्निचरमागची एक खराब झालेली विजेची केबल हे आगीचे संभाव्य कारण मानले गेले. काही मिनिटांतच मजला काळ्या धुराने भरला. खिडक्यांना लोखंडी गज होते, ते कापून अग्निशमन दलाने माणसे बाहेर काढली. तरीही 10 जण मरण पावले. एक ठिणगी एवढ्या लवकर एवढी वाढली, कारण त्या फर्निचरमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला होता.

लाकडाचा ओंडका काडेपेटीने पेटत नाही, पण त्याचाच बारीक भुसा चटकन पेटतो. फोम भुशाच्याही पुढे आहे. त्याचा बहुतेक भाग हवाच असतो आणि प्लास्टिक फक्त बारीक जाळीसारखे पसरलेले असते. म्हणजे जळण आणि हवा आधीच एकत्र! शिवाय फोम उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे ज्योत लागलेला पृष्ठभाग लगेच तापतो. त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात, उरलेला भाग वितळून खाली ठिबकतो आणि सोफ्याखाली पेटत्या द्रवाचे डबके होते. मग सोफा वरून आणि खालून, दोन्हीकडून जळू लागतो.

मी एक हिशेब केला. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाडीच्या गादीत साधारण 5 किलो फोम असतो. तो पूर्ण जळाला तर सुमारे साडेतीन लिटर रॉकेलाइतकी उष्णता निघते. खोलीत रॉकेलचा उघडा डबा आपण कधी ठेवणार नाही!

पण माणसे बहुधा ज्वालेच्या आधी धुरानेच पडतात. कोणतीही गोष्ट अपुऱ्या हवेत जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा घेतो. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असल्याने त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही येतो. पेशींपर्यंत पोहोचलेला ऑक्सिजन त्यांना वापरताच येत नाही, असे या विषाचे काम आहे. दोन्ही एकत्र आले की माणूस गोंधळतो, दार सापडत नाही आणि तो कोसळतो. झोपलेला माणूस तर बहुधा जागाही होत नाही.

मग कापसाची गादी सुरक्षित का? आजी तसे म्हणते, पण ते अर्धेच खरे आहे. कापूस भडकत नाही, पण विडीच्या किंवा मच्छर अगरबत्तीच्या टोकाने तासन्तास आतल्या आत धुमसतो. त्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतोच. वरून पाणी मारून विझली असे वाटलेली गादी आत धुमसत राहते, म्हणून ती बाहेर नेऊन उसवून भिजवावी लागते. फरक वेळेचा आहे. कापूस बहुधा वेळ देतो, फोम देत नाही.

पडद्यांचे गणित वेगळे आहे. पडदा उभा टांगलेला असतो आणि ज्वाला वर चढते, म्हणून पातळ सुती पडदासुद्धा भरभर पेटतो. शुद्ध पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, आणि त्याचे पेटते थेंब खालच्या सोफ्यावर पडू शकतात. मला सर्वांत फसवे वाटते ते सूत-पॉलिस्टर मिश्रण. त्यात जळालेले सूत सांगाड्यासारखे उभे राहते आणि वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवते, त्यामुळे तो खाली न पडता तिथेच जळतो. जाड लोकर सहज पेट घेत नाही, पण आपल्या हवेत लोकरीचे पडदे कोण लावणार?

ब्रिटनने 1988 मध्ये नियम केला की घरगुती फर्निचरमधला फोम आणि वरचे कापड ठरलेल्या ज्वलन चाचण्यांत उतरले पाहिजे. आपण सोफा घेताना दुकानदार घनता आणि गॅरंटी सांगतो. आपण विचारायचे ते हे: फोम ज्वालारोधक आहे का, आणि तसे लेबलवर छापले आहे का? ज्वालारोधक म्हणजे न जळणारा नव्हे. तो छोट्या ज्योतीने उशिरा पेटतो, एवढेच. पडदा घेताना ज्वालारोधक गुण धाग्यातच आहे की वरून रसायन लावले आहे, हेही विचारावे, कारण वरून लावलेले रसायन धुण्याने निघून जाऊ शकते.

सोफ्याचे कापड फाटून पिवळा फोम दिसत असेल, तर तो आधी शिवून घ्यावा, कारण उघड्या फोमला ठिणगी थेट भेटते. देवघरातला दिवा, मच्छर अगरबत्ती आणि एक्स्टेंशन बोर्ड पलंगापासून व पडद्यापासून दूर असावेत. आणि फोम पेटलाच, तर बादली शोधत बसू नये. सगळ्यांना बाहेर काढून खोलीचे दार ओढून घ्यावे आणि बाहेरून 101 ला फोन करावा.