वयाच्या ५१व्या वर्षी फिटणारी फी

२०१७ साली मी भोसरीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. वय २६, मेकॅनिकलची पदवी, चार वर्षांचा अनुभव. कागदावर सीटीसी ६ लाख, हातात वर्षाला साधारण ५. शिफ्ट संपवून खोलीवर आलो की बरोबरचे दोघे कॅटचे पेपर सोडवत बसलेले असायचे. त्यांचं बघून मीही बसलो. नावाजलेल्या संस्थांनी विचारलं नाही, पण पुण्यातल्याच एका खासगी संस्थेचं पत्र आलं. दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए, फी १४ लाख.

माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर ‘सरासरी पॅकेज १२ लाख’ असं ठळक छापलं होतं. त्याच पानाच्या कोपऱ्यात मी पेनने हिशेब मांडला. १२ वजा ६ म्हणजे वर्षाला ६ लाख जास्त. १४ भागिले ६ म्हणजे सव्वादोन वर्षं, फार तर अडीच. एवढ्यात फी वसूल, पुढचं सगळं नफ्यात. हा कागद मी सांगलीला बाबांना दाखवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. कागद उलटसुलट बघून ते म्हणाले, “वजाबाकी बरोबर आहे.” वजाबाकी बरोबरच होती. वजा कशातून काय करायचं, तेच चुकलं होतं.

१२ लाखांचं कर्ज काढलं, २ लाख बाबांनी ठेव मोडून दिले. दोन वर्षांनी नोकरी लागली ती ९ लाख सीटीसीची, हातात वर्षाला ७ लाख ४० हजार. बॅंकेने शिकतानाचं आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिळवलं तेव्हा १२ चे १५ लाख झाले होते. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता बसला १९,८००. जुन्याच कारखान्यात राहिलो असतो तर महिन्याला मिळाले असते त्यापेक्षा नवा पगार १३ हजारांनी जास्त होता. म्हणजे एमबीए झाल्यावर महिनाअखेर माझ्या हातात, तिथेच राहिलो असतो तर उरले असते त्यापेक्षा कमी पैसे उरू लागले. हे कसं झालं हे शोधताना मी पहिल्यांदा एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, खऱ्या अर्थाने वापरलं. गंमत अशी, की हा विषय आम्हाला पहिल्याच सत्रात होता आणि परीक्षेत मला चांगले गुणही होते. उदाहरणं मात्र सगळी बॉयलर आणि लेथ यंत्रांची. लेथच्या जागी स्वतःला ठेवून बघावं, असं दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

कल्पना साधी आहे. १० टक्के व्याजाने आज दिलेले १०० रुपये वर्षाने ११० होतात, म्हणून वर्षाने मिळणाऱ्या ११० ची आजची किंमत १००. असंच मागे मागे येत गेलं, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या एका लाखाची आजची किंमत साधारण ३८,६०० रुपये भरते. फी आज जाते आणि जास्तीचा पगार वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे दोन्हींची तुलना आजच्या किमतीला आणूनच करावी लागते. दर कोणता धरायचा? माझं कर्ज १० टक्क्यांच्या आसपास होतं, तोच धरला. बाबांची ठेव कमी व्याजाची होती, पण घरचे पैसे म्हणून त्यांना शून्य व्याज लावायचं हे बरोबर नाही. ते पैसे बॅंकेत वाढतच होते.

आता खर्चाची बाजू. ७ लाख फी पहिल्या दिवशी आणि ७ लाख वर्षाने. दुसऱ्या हप्त्याची आजची किंमत ६.३६ लाख, म्हणजे फी एकूण १३.३६ लाख. माझ्या कोपऱ्यातल्या हिशेबात खर्च इथेच संपला होता. पण त्या दोन वर्षांत मी पगारही सोडला होता. पहिल्या वर्षी ५ लाख, आणि नेहमीची ८ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी ५.४० लाख. आजच्या किमतीत ९ लाखांच्या थोडं वर. एकूण खर्च २२.३७ लाख. फीच्या पावत्या मिळतात, फाईलला लागतात, त्या दिसतात. न मिळालेल्या पगाराची पावती कोणी देत नाही, म्हणून खर्चातला हा चाळीस टक्के वाटा माझ्या नजरेतून निसटला. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र मी यात धरलेला नाही. भोसरीतही मी जेवतच होतो. वसतिगृह खोलीपेक्षा महाग असेल, तर तेवढा फरकच धरावा.

मिळकतीच्या बाजूला माझी चूक जास्त लाजिरवाणी होती. मी नव्या पगाराची तुलना २०१७ च्या पगाराशी केली. पण मी नसताना माझा जुना पगार काही गोठून बसणार नव्हता. माझ्या जागी बढती मिळालेला मित्र तिसऱ्या वर्षी ५.८३ लाख हातात घेत होता, म्हणजे ५ लाखांवर दोन वेळा ८ टक्के. माझे ७.४०. खरा फरक १.५७ लाख, ६ लाख नव्हे. सीटीसीतून सीटीसी वजा केली की पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, कर आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारा भाग असं सगळं नफ्यात मोजलं जातं. हातात येणाऱ्यातून हातात येणारं वजा करावं.

हा १.५७ लाखांचा फरकही दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असं धरलं आणि नोकरीची दहा वर्षं मोजली, तर त्याची आजची किंमत १०.८७ लाख. खर्च २२.३७. एनपीव्ही उणे साडेअकरा लाख. मग दहाच्या पुढे वर्षं वाढवत गेलो. उणे चिन्ह पुसायला नोकरीची साधारण २३ वर्षं लागली. २६ व्या वर्षी घेतलेला प्रवेश ५१ व्या वर्षी फिटणार होता.

इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण या आकड्यालाही डोळे मिटून मानू नये. माझा नवा पगार ८ ऐवजी १० टक्क्यांनी वाढला आणि जुना ८ नेच वाढत राहिला असं धरलं, तर तोच खर्च चौदाव्या वर्षी भरून निघतो. दोन टक्क्यांनी नऊ वर्षं वाचली. म्हणून सुरुवातीचं पॅकेज विचारण्यापेक्षा, पाच-सात वर्षांपूर्वी पास झालेले आज किती घेतात हे शोधणं जास्त कामाचं. आणि हेही खरं, की वाढीचा दर हा या सगळ्या हिशेबातला सर्वात लवचिक आकडा आहे. ज्याला प्रवेश घ्यायचाच आहे, तो इथे १२ टक्के लिहून मोकळा होतो. मी १० लिहिले असते आणि २०२० मध्ये आमच्याकडे वाढच झाली नाही.

मग त्या १२ लाखांचं काय? तो आकडा खोटा नव्हता. पाच जणांना ७, ८, ९, १० आणि २६ लाख मिळाले, तर सरासरी १२ येते. पण १२ च्या वर एकच जण आहे, बाकी चौघे खाली. ओळीत मधोमध उभा आहे तो ९ वाला. त्याला मध्यक म्हणतात, आणि तो मी होतो. माझ्याच हिशेबात १२ लाखांची सीटीसी, म्हणजे हातात ९.६० लाख, टाकून बघितले तर दहा वर्षांचा एनपीव्ही अधिक पावणेचार लाख येतो. म्हणजे सरासरीने अभ्यासक्रम परवडत होता, मध्यकाने बुडवत होता. पुस्तिकेत कोणता आकडा छापायचा, यावर सगळं अवलंबून होतं.

गेल्या मे महिन्यात बहिणीची मुलगी अशीच पुस्तिका घेऊन आली. तिचा पगार, वाढ आणि फी योगायोगाने माझ्या तेव्हाच्या आकड्यांजवळच. “मामा, तू फक्त हो म्हण, आईला मी पटवते,” म्हणाली. मी लॅपटॉप उघडला. एका खाली एक वर्षं लिहिली. B2 मध्ये आजची फी उणे, B3 मध्ये दुसरी फी आणि बुडालेला पगार उणे, B4 मध्ये दुसऱ्या वर्षाचा बुडालेला पगार, आणि तिथून खाली दहा वर्षांचा फरक. मग

```
=B2+NPV(10%,B3:B14)
```

B2 बाहेर ठेवायचं कारण असं, की हे सूत्र कंसातली पहिली रक्कम वर्षाच्या शेवटी गेली असं समजतं. आजची फी आत ढकलली तर अधिक-उणे बदलत नाही, पण तोटा लहान दिसतो.

तिने लगेच कर्जाचे हप्तेही वेगळे वजा करायला घेतले. ते थांबवलं. फी एकदा वजा झाली आहे आणि व्याज त्या १० टक्क्यांत आलं आहे. हप्ते पुन्हा वजा केले तर तोच खर्च दोनदा मोजला जातो. हप्ता बघायचा तो वेगळ्या प्रश्नासाठी, महिना निभेल का यासाठी. व्याजावर करसवलत मिळते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. कलम ८०ई खाली आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच, त्यामुळे ती आम्ही धरली नाही.

मग सूत्र उलटं चालवलं. हे मला माझ्या वेळी कोणी सांगायला हवं होतं. भविष्यातला पगार ओळखण्यापेक्षा, किती पगार मिळाला तर दहा वर्षांत शून्य येईल ते काढायचं. १४ लाख फीला पहिल्या वर्षी ३.२३ लाखांचा फरक लागत होता, म्हणजे महिन्याला हातात साडेपंचाहत्तर हजार. तिने आणखी एका संस्थेचा अर्ज भरला होता, तिथे फी वर्षाला २ लाख. तिथे १.८५ लाखांचा फरक पुरत होता, म्हणजे महिन्याला चौसष्ट हजार. फी दहा लाखांनी कमी असूनही गरज निम्म्यावर आली नाही, कारण बुडणारे ९ लाख दोन्हीकडे तेच. ते वाचवायचे तर नोकरी सांभाळून शिकण्याचा अभ्यासक्रम बघावा लागतो. त्यात कंपनी बदलण्याची संधी बहुधा कमी, हेही तिला सांगितलं.

“मग विचारायचं काय त्यांना?” तिने विचारलं. एकच प्रश्न लिहून दिला. बॅचमधल्या सगळ्यांचा, म्हणजे नोकरी न लागलेल्यांनाही धरून, हमीच्या रोख पगाराचा मध्यक किती? अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंट अहवालांची मानकं केली आहेत, त्यांत हमीची रोख रक्कम आणि जास्तीत जास्त कमाई हे आकडे वेगळे दाखवले जातात. तेव्हा प्रश्न काही जगावेगळा नाही.

तिने तो दोन्हीकडे ईमेलने पाठवला. कमी फीवाल्या संस्थेकडून चार दिवसांनी तक्ता आला. दुसरीकडून त्याच संध्याकाळी फोन आला, जागा भरत आल्या आहेत म्हणून सांगायला, आणि सोबत तीच पुस्तिका पुन्हा आली.