अर्धवट सोडलेले बांधकाम : झालेल्या कामाचे पैसे किती?

घर बांधायला दिले आणि ठेकेदार मधेच काम सोडून गेला, तर झालेल्या कामाचे पैसे त्याला मिळतात का? कायद्यात या मागणीला ‘क्वांटम मेरुइट’ हे लॅटिन नाव आहे. अर्थ साधा : जेवढे काम, तेवढा मोबदला. पण उत्तर तेवढे साधे नाही.

इंग्लंडमधला १८९८ चा ‘सम्प्टर विरुद्ध हेजेस’ हा खटला बघा. दोन घरे आणि तबेले बांधायचे, एकूण ५६५ पौंड, असा ठोक रकमेचा करार होता. सुमारे ३३३ पौंडांचे काम झाल्यावर ठेकेदाराचे पैसे संपले आणि त्याने काम सोडले. उरलेले बांधकाम मालकाने स्वतः पूर्ण केले. त्यात ठेकेदाराचे जागेवर पडलेले साहित्यही वापरले. कोर्टाने त्या साहित्याची किंमत ठेकेदाराला दिली, अर्ध्या बांधकामाची मात्र नाही!

असे का? साहित्य वापरायचे की परत न्यायला सांगायचे, हे मालकाच्या हातात होते. अर्धी भिंत तर त्याच्याच जमिनीवर उभी. ती ‘नको’ म्हणून परत कशी करणार? म्हणजे ती त्याने स्वीकारली असे म्हणता येत नाही. आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० मध्ये अशा मोबदल्याची तरतूद आहे. तिथेही नाकारण्याची मोकळीक असताना लाभ स्वीकारला का, हेच विचारले जाते.

आता उलट बाजू. मालकानेच विनाकारण काम थांबवले तर ठेकेदाराची बाजू भक्कम होते. मग प्रश्न येतो मोजमापाचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठोक करार १० लाखांचा. जोते आणि भिंती झाल्या. ठेकेदार म्हणतो, माझे ५ लाख २० हजार गेले. पण त्यातले ६० हजार त्याचीच चुकलेली भिंत पाडून परत बांधण्यात गेले. त्याचा खर्च हे माप नाही. तेवढेच काम त्या गावात, त्या काळात वाजवी दराने कितीला झाले असते, हे माप. समजा ते ४ लाख ६० हजार. त्यातून गळक्या टाकीच्या दुरुस्तीचे २० हजार आणि आधी दिलेले ३ लाख वजा केले, की राहिले १ लाख ४० हजार.

एक मर्यादा मात्र आहे. करारात त्या कामाचा दर आधीच ठरला असेल, तर तो बाजूला ठेवून जास्त बाजारभाव मागता येत नाही. पुरनलाल साह खटल्यात (१९७१) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

खरी भांडणे होतात ती पायावरून, कारण तो मातीखाली जातो आणि मग त्याची खोली सिद्ध करणे अवघड होते. म्हणून दुसरा ठेकेदार कामाला लागण्याआधीच दोघांसमक्ष टेप लावून मोजणी करावी, फोटो काढावेत, आणि त्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात.