टँक अंगावर घेऊन

चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले तेव्हा आधी मी ढेकणांवर संशय घेतला. मग लेकीचे पाय पाहिले. गुडघ्यांच्या मागे लाल, खरखरीत चट्टे उठले होते आणि त्यांवर नखांचे ओरखडे होते. कोपरांच्या आतल्या वळणात तसंच, आणि खांद्यांवर जिथे कॉश्च्युमचे पट्टे बसतात तिथे दोन सरळ लाल रेघा. झोपेत ती खाजवत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

लेक नऊ वर्षांची. आम्ही पुण्यात राहतो. जूनपासून ती सकाळी सहाच्या बॅचला, आठवड्यातून पाच दिवस, तासभर पोहत होती. खरं तर इशारा ऑक्टोबरमध्येच मिळाला होता. तिच्या पोटरीवर नखानं रेघ ओढली की पांढरी फटक उमटायची. ‘थंडी सुरू झाली, अंग उलतंय,’ असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्यानंतर घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यात भर घातली. आजीला वाटलं, टँकचं पाणी घाण असतं. म्हणून ती डाळीचं पीठ लावून घासणीनं खसाखसा अंग घासू लागली. मी जंतुनाशक साबण आणला. पोर थंडीनं कुडकुडत यायची, म्हणून अंघोळीचं पाणी कडकडीत काढत गेलो. शेवटी मी औषधाच्या दुकानातून ‘खाज, नायटा, सगळ्यावर चालतं’ असं सांगितलेलं मलम घेतलं. चार दिवसांत चट्टे गायब झाले. मलम थांबवल्यावर आठवड्याभरात ते दुपटीनं परत आले.

मग त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ती ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र. असं मलम मुलांच्या नाजूक, वळणाच्या जागी लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. आणि तो खरोखरच नायटा असेल, तर वरून दबतो आणि आत पसरतो. ट्यूब कचऱ्यात गेली. मग त्यांनी विचारलं, “पोहून झाल्यावर काय काय करता? मिनिटामिनिटाचं सांगा.”

मी सांगत गेलो. सातला शिट्टी होते. शॉवर दोन आणि मुलं तीस. त्यात पाणी गार. शाळेची व्हॅन सव्वाआठला. म्हणून मीच तिला सांगायचो, “घरी जाऊनच अंघोळ कर.” ओल्या कॉश्च्युमवर जॅकेट, स्कूटरवर पंचवीस मिनिटं. घरी धाकटा बाथरूममध्ये असला तर आणखी पंधरा-वीस. मग गरम पाणी, साबण, घासणी, युनिफॉर्म. क्रीम रात्री, आठवलं तर.

“म्हणजे ही एक तास पोहते,” त्या म्हणाल्या, “आणि पुढचा पाऊण तास टँक अंगावर घेऊन फिरते.”

क्लोरीन नेमकं काय करतं

आपल्या त्वचेवर तिचा स्वतःचा मेणकापडासारखा थर असतो. तो आतलं पाणी उडू देत नाही आणि बाहेरचं त्रासदायक काही आत शिरू देत नाही. तासभर पाण्यात राहिलं की त्यातला काही भाग नुसत्या पाण्यानंच निघतो, आणि क्लोरीन उरलेलं तेल आणखी ओढून घेतं. पाणी अंगावरच वाळलं तर त्यातले क्षार आणि क्लोरीनची संयुगं त्वचेवर तशीच राहतात, आणि वरून ओलं कापड घासत राहतं. त्यानंतर लावलेला वडीचा साबण म्हणजे जखमेवर मीठ. त्वचेचा पीएच 5 च्या आसपास असतो, टँकच्या पाण्याचा साधारण 7.2 ते 7.8 ठेवतात, आणि बहुतेक वडीच्या साबणांचा 9-10 असतो.

मी विचारलं, “म्हणजे हिला क्लोरीनची ॲलर्जी आहे?” त्या म्हणाल्या, खरी ॲलर्जी क्वचितच; हा जळजळीचा त्वचादाह आहे. एक्झिमाच्या काही रुग्णांना डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली पातळ ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बसवतात, आणि त्या पाण्यात क्लोरीन टँकपेक्षा जास्त असतं. पण त्या अंघोळीनंतर लगेच अंग साध्या पाण्यानं धुऊन क्रीम लावतात. (हा प्रयोग घरी आपल्या मनानं करायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.) मला जे समजायचं ते समजलं. बिघाड टँकमध्ये कमी आणि टँकमधून निघाल्यावर जास्त होत होता, आणि तो वेळ माझ्या हातातला होता.

एक आठवडा पोहणं बंद, चट्ट्यांपुरतं सौम्य मलम सात दिवस, आणि पुढे कायमची दिनचर्या, असं त्यांनी लिहून दिलं.

पाण्यात उतरण्याआधी

पहिली गोष्ट, साध्या पाण्यानं डोक्यापासून पायापर्यंत भिजायचं. आधीच ओला असलेला पंचा आणखी किती पाणी पिणार? त्वचेचं आणि केसांचंही तसंच. शिवाय अंगावरचा घाम धुतला जातो आणि टँक स्वच्छ राहतो.

दुसरी, पेट्रोलियम जेली. दहा-पंधरा मिनिटं आधी कोपरांच्या वळणात, गुडघ्यांमागे, काखेत आणि पट्ट्यांच्या रेघेवर, प्रत्येक जागी मुगाएवढी, चोळून पातळ. अंगभर नाही. आजीचा खोबरेल तेलाचा आग्रह होता, पण पोहण्याआधी अंगभर तेल लावलं तर ते पाण्यावर तरंगतं, क्लोरीन खातं आणि हात निसटतात. तिच्या पोहण्याच्या सरांनीही ते आधीच बंद केलेलं होतं.

पाण्यातून निघाल्यावर

इथेच सगळा खेळ आहे. निघाल्याबरोबर दोन-तीन मिनिटं साध्या पाण्याखाली उभं राहायचं, आणि पट्टे खाली करून कॉश्च्युमच्या आतही पाणी जाऊ द्यायचं. डिसेंबरात शॉवरच्या गार पाण्याला ती घाबरायची. म्हणून मी घरून पाच लिटरच्या कॅनमध्ये कोमट पाणी न्यायला लागलो. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला गरम न लागणारं. रांगेवर उपाय म्हणून सरांना विचारलं, “सर, हिला दहा मिनिटं आधी सोडाल का?” ते आधी कुरकुरले, पण पाय पाहिल्यावर तयार झाले.

टँकवर साबण नाही. घरी अंघोळीला साबणविरहित क्लीन्झर, तोही फक्त काखा, जांघा आणि पावलांना. घासणी आणि डाळीचं पीठ बंद.

मग पंच्यानं नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम. अंग पूर्ण कोरडं झाल्यावर लावलेल्या क्रीमला आत धरून ठेवायला पाणीच उरत नाही. आम्ही कपडे बदलायच्या खोलीतच लावतो. तिथून कोरडे कपडे घालूनच निघायचं.

किती लावायचं, हा आमचा सर्वांत मोठा गैरसमज होता. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की अर्धा ग्रॅम होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एका हाताला अशी अडीच बोटं लागतात, एका पायाला साडेचार, छाती-पोटाला साडेतीन आणि पाठीला पाच. चेहरा-मान धरून अंगभर सुमारे 12 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅमची ट्यूब आठ वेळांत संपायला हवी. आमची दोन महिने पुरत होती! आता पांढऱ्या पॅराफिनचं बिनवासाचं क्रीम अर्ध्या किलोच्या बरणीत आणतो, ते स्वस्तही पडतं. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं क्रीम भेगाळलेल्या त्वचेला झोंबतं, ते टाळतो. आजीचं खोबरेल तेल मात्र परत आलं, फक्त वेळ बदलली. रात्री दमट अंगावर ती ते लावते.

कॉश्च्युम रोज साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. दोन असले तर ओला परत घालायची वेळ येत नाही.

टँककडेही बघा

‘क्लोरीनचा वास दणदणीत येतोय म्हणजे पाणी चांगलं,’ असं मला वाटायचं. उलट आहे. स्वच्छ पाण्याला वास कमी असतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनची गाठ पडून क्लोरामाइन तयार होतं, तो डोळे चुरचुरवणारा वास त्याचा.

टँकची देखभाल करणाऱ्या काकांना मी मापं दाखवायला सांगितलं. त्यांनी नळीत पाणी घेऊन थेंब टाकले, पिवळा रंग आला, म्हणाले, “बघा, बरोबर आहे.” ती पिवळी चाचणी मुक्त आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेलं क्लोरीन वेगळं सांगत नाही, दोन्ही मिळून दाखवते. डीपीडी गोळ्यांच्या संचात ते वेगळं कळतं: मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम हवं, आणि एकूण व मुक्त यांतला फरक 0.4 च्या वर नको. पीएच 7.8 च्या वर गेला की क्लोरीनची ताकद घटते, मग आणखी पावडर टाकली जाते. आमच्याकडे पावडर रात्री पडते आणि पहिली बॅच आमची, म्हणून वास उग्र असेल त्या दिवशी आम्ही माप विचारूनच उतरतो.

सगळंच क्लोरीनमुळे नसतं

कड उचललेला, गोल, मधे साफ होत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. मोत्यासारखे, मधे खळी असलेले दाणे हा विषाणूचा मोलस्कम. कॉश्च्युमखालीच, एक-दोन दिवसांनी लाल पुरळ-फोड उठले तर नीट निर्जंतुक न केलेल्या पाण्यातल्या जिवाणूंचा संशय. बोटांच्या बेचक्यांत रात्रीची खाज आणि घरात आणखी कुणाला तेच, तर खरूज. पू, मधासारखी पिवळी खपली किंवा ताप आला, तर क्रीम लावत बसू नका. आणि त्वचा फुटून ओली असेल तर पाण्यात उतरवू नका.

आमच्या लेकीचे पाय तीन आठवड्यांत मऊ झाले. फेब्रुवारीत स्पर्धेच्या गडबडीत क्रीमची बरणी संपली, पाच-सहा दिवस तसेच गेले, आणि गुडघ्यांमागे खरखर पुन्हा जाणवली. तेव्हापासून दर रविवारी पोटरीवर नखानं रेघ ओढून बघतो. पांढरी उमटली तर त्या आठवड्यात काहीतरी चुकलेलं असतं.

स्कूटरवर बसायच्या आधी मी विचारतो, झालं का? ती म्हणते, “हो बाबा, टँक टँकमध्येच ठेवून आले.”