गोळी रुतल्यावर किती ऊर्जा जाते: काय करावे, काय टाळावे

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची खात्रीची रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली आपल्या तोफखान्यावरच्या पुस्तकात मांडली. टांगलेल्या जड लंबकात गोळी झाडायची, ती आत रुतली की लंबक किती झुलतो ते पाहायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. याला बॅलिस्टिक पेंड्युलम म्हणतात. अकरावीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत हे गणित येते आणि बहुतेक चुका एकाच जागी होतात: टकरीत किती गतिज ऊर्जा जाते, याचा अंदाजच नसतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. गोळी 10 ग्रॅमची, वेग सेकंदाला 400 मीटर. दोरीने टांगलेला लाकडी ठोकळा 1.99 किलोचा, स्थिर. गोळी आत रुतते आणि दोन्ही मिळून 2 किलोची एकच वस्तू होते.

करा: गणिताचे दोन टप्पे पाडा. पहिला टप्पा टकरीचा. तिथे फक्त संवेग टिकतो. गोळीचा संवेग 0.01 × 400 = 4. तोच आता 2 किलोच्या वस्तूचा, म्हणून तिचा वेग सेकंदाला 2 मीटर. दुसरा टप्पा झुलण्याचा. तिथे ऊर्जा टिकते. h = v²/2g म्हणजे 4 भागिले 19.6, सुमारे 20 सेंटिमीटर. ठोकळा एवढाच वर चढतो.

टाळा: गोळीची ऊर्जा थेट उंचीत बदलणे. गोळीची गतिज ऊर्जा 800 ज्यूल. ती सगळी ठोकळा उचलायला लागली असे धरले तर उंची येते सुमारे 41 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांची इमारत. असे उत्तर आले की चूक लगेच कळते. धोका आहे तो उलट्या दिशेने सोडवताना. 20 सेंटिमीटर उंचीवरून याच चुकीच्या रीतीने गोळीचा वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे 28 मीटर येतो. हा आकडा ऐकायला अशक्य वाटत नाही, म्हणून तो तसाच वहीत राहतो. खरा वेग त्याच्या चौदा पट आहे.

करा: सूत्र पाठ करण्याऐवजी एका ओळीत काढा. गतिज ऊर्जा p²/2m अशी लिहा. टकरीत p बदलत नाही. बदलते ते फक्त खालचे वस्तुमान, m चे m + M होते. म्हणून

उरलेला हिस्सा = m/(m + M)
गेलेला हिस्सा = M/(m + M)

इथे m आदळणाऱ्या वस्तूचे वस्तुमान आणि M आधी स्थिर असलेल्या वस्तूचे. आपल्या उदाहरणात गेलेला हिस्सा 1.99/2, म्हणजे 99.5 टक्के. 800 ज्यूलपैकी 796 गेले, 4 उरले. 2 किलोच्या वस्तूचा वेग 2 असताना गतिज ऊर्जा 4 ज्यूलच येते, पडताळा जुळला.

टाळा: अंशात चुकीचे वस्तुमान लिहिणे. शंका आली तर टोकाच्या स्थिती मनात आणा. चेंडूएवढा चिखलाचा गोळा भिंतीला चिकटला तर सगळी ऊर्जा जायला हवी. M प्रचंड धरा, हिस्सा 1 कडे जातो. वस्तुमाने सारखी असतील तर नेमकी निम्मी जाते.

टाळा: वेग वाढला की हिस्साही वाढतो असे समजणे. सूत्रात वेग नाहीच. गोळी दुप्पट वेगाने आली तर गेलेले ज्यूल चौपट होतील, टक्के मात्र 99.5 च राहतील.

करा: दुसरी वस्तू खरोखर स्थिर आहे का ते आधी पाहा. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. वरचे सूत्र फक्त स्थिर लक्ष्यासाठी आहे. आता तीच टक्कर गोळीच्या वेगाने धावणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेने पाहा. त्याला गोळी स्थिर दिसते आणि ठोकळा सेकंदाला 400 मीटरने तिच्यावर येताना दिसतो. त्याच्या हिशेबात आधीची ऊर्जा 1,59,200 ज्यूल, नंतरची 1,58,404. गेले किती? पुन्हा 796 ज्यूलच. पण हिस्सा पडतो अवघा अर्धा टक्का.

म्हणजे गेलेले ज्यूल सर्वांना सारखे दिसतात, टक्केवारी मात्र कोण पाहतो यावर ठरते. दोन्ही वस्तू हलत असतील तर आधी ज्यूल काढा:

गेलेली ऊर्जा = ½ · mM/(m + M) · (सापेक्ष वेग)²

मग त्याला आधीच्या एकूण गतिज ऊर्जेने भागा. 2 किलोची वस्तू 3 च्या वेगाने आणि 1 किलोची 6 च्या वेगाने समोरासमोर येऊन चिकटल्या तर या सूत्राने 27 ज्यूल जातात, आणि आधी होते तेही 27. वस्तुमाने असमान असूनही सगळी ऊर्जा गेली, कारण एकूण संवेग शून्य होता.

करा: गेलेल्या ऊर्जेचा ठावठिकाणा विचारा. ऊर्जा नष्ट होत नाही. लाकडाचे तंतू तुटण्यात, गोळी चपटी होण्यात आणि मुख्यतः उष्णतेत ती जाते. गोळी 10 सेंटिमीटर आत शिरली असेल तर 796 ज्यूल भागिले 0.1 मीटर, म्हणजे सरासरी रोधक बल सुमारे 8,000 न्यूटन. बल स्थिर धरले तर रुतायला लागलेला वेळ सेकंदाचा दोन हजारावा भाग, आणि तेवढ्यात ठोकळा सरकतो फक्त अर्धा मिलिमीटर. दोरी तोवर जवळजवळ उभीच असते. टकरीत संवेग टिकतो असे आपण ज्या आधारावर धरले, तो हाच.

टाळा: ऊर्जा जाणे म्हणजे नेहमी नुकसान असे मानणे. जमिनीत खांब ठोकताना घण खांबापेक्षा जड हवा: 1,000 किलोचा घण आणि 250 किलोचा खांब एकत्र सरकले तर टकरीत पाचवा हिस्साच जातो, उरलेली ऊर्जा खांब खाली रेटते. लोहाराला उलटे हवे असते. ऐरण जड असेल तर घावाची बहुतेक ऊर्जा तापलेल्या लोखंडाचा आकार बदलण्यात जाते, आणि त्याचे काम तेच आहे.

टाळा: गोळी आरपार गेली किंवा कडेला लागली तरी हेच सूत्र लावणे. आरपार गेली तर दोघांचा वेग एक होत नाही. बाहेर पडणाऱ्या गोळीचा वेग वेगळा मोजावा लागतो. कडेला लागली तर ठोकळा फिरतोही, आणि थोडी ऊर्जा त्या फिरण्यात राहते. लंबक ताठ दांड्याचा असेल तर गोळी आसापासून किती अंतरावर लागली हे मोजून कोनीय संवेगाने गणित करा.