तलफ : लाट येणे आणि ओसरणे

प्रास्ताविक

मराठीत तलफ ‘येते’ किंवा ‘लागते’, आणि ती ‘भागवली’ जाते. ‘भागवणे’ हे क्रियापद आपण प्रामुख्याने तहान आणि भूक यांच्यासाठी वापरतो. चहाची, विडीची किंवा तंबाखूची तलफ त्याच क्रियापदाने बोलून दाखवताना भाषा नकळत एक गृहीत मांडते : तहान जशी पाणी प्याल्याशिवाय शमत नाही, तशी तलफही मागितलेली वस्तू दिल्याशिवाय शमणार नाही. हे गृहीत चुकीचे आहे, आणि या पाठाचा विषय ती चूक हाच आहे.

मराठीत या अनुभवासाठी दुसराही एक शब्द आहे. ‘त्याला लहर आली’ असे आपण म्हणतो. लहर म्हणजे मनाची अचानक उठलेली इच्छा आणि लहर म्हणजे पाण्यावरची लाट. लहर भागवली जात नाही. ती उठते, वाढते आणि ओसरते. व्यसनांच्या मानसशास्त्राने गेल्या चार दशकांत तलफेविषयी जे सांगितले, त्याच्या अधिक जवळ हा दुसरा शब्द जातो.

संकल्पनेचा उगम

अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट हे मानसशास्त्रज्ञ व्यसनमुक्त झालेल्या व्यक्ती पुन्हा व्यसनाकडे का वळतात, याचा अभ्यास करीत होते. १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी या विषयावरील ग्रंथ संपादित केला. तलफेच्या लाटेवर स्वार होण्याची कल्पना मार्लाट यांनीच रूढ केली. समुद्रावर फळी घेऊन लाटेवर तोल सांभाळणारा खेळाडू लाट अडवत नाही, तिच्याखाली बुडतही नाही. ती किनाऱ्यापाशी विरेपर्यंत तिच्यासोबत राहतो. तलफ आल्यावर तिची आज्ञा पाळू नये आणि तिच्याशी झुंजूही नये. ती शरीरात कशी वर चढते व खाली येते, हे काही मिनिटे पाहत राहावे, असा या रूपकाचा अर्थ आहे.

संग्रामपूर तालुका समुद्रापासून फार दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तेथील वाचकाला फळीवरचा खेळाडू परका वाटेल, परंतु नाल्याचा पूर परका वाटणार नाही. डोंगरात पाऊस कोसळला की पायथ्याचा कोरडा नाला पाहता पाहता फुगतो आणि रस्ता बंद होतो. जाणता माणूस अशा वेळी बैल पाण्यात घालत नाही. तो काठावर थांबतो, पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले हे पाहतो, आणि तोच दगड पुन्हा उघडा पडला की निघतो. या दृष्टान्ताला एक मर्यादा आहे. पूर आपल्या बाहेर असतो. तलफ मात्र आपल्याच जबड्यात, घशात आणि छातीत असते. तिच्या काठावर उभे राहणे हे शिकावे लागते.

तलफ ओसरते कशी?

तंबाखूतील निकोटिनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. त्यामुळे दिवसभर खर्रा किंवा चुना-तंबाखू खाणाऱ्याचे शरीर ठरावीक अंतराने पुन्हा मागणी करते. खाणे पूर्ण थांबवले, तर चिडचिड, अस्वस्थता आणि एकाग्रता न होणे ही लक्षणे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत तीव्र असतात व पुढील तीन-चार आठवड्यांत बहुतांशी निवळतात. या काळात पार्श्वभूमीवर एक सलग अस्वस्थता राहते. ती काही मिनिटांत जात नाही. लाटेसारख्या येतात त्या त्या अस्वस्थतेवर उठणाऱ्या तीव्र तलफा. त्यांना बहुधा निमित्त असते : जेवण झाले, चहा प्याला, बसस्थानकावर ओळखीचा माणूस भेटला, वही उघडली. निमित्त आणि तंबाखू यांची जोडी हजारो वेळा जुळलेली असल्यामुळे निमित्त दिसताच शरीर पुढच्या गोष्टीची तयारी करते. ती गोष्ट आली नाही, तर तयारी हळूहळू मावळते. यास बहुधा काही मिनिटे लागतात.

तहान आणि तलफ यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पाणी न मिळाल्यास तहान वाढतच जाते, कारण शरीराला पाण्याची खरी गरज असते. तलफ मात्र न भागवताही उतरते. हे बहुतेकांना ठाऊक नसते, कारण त्यांनी ती उतरेपर्यंत कधी वाट पाहिलेली नसते. प्रत्येक वेळी माथ्यावर पोहोचण्याआधीच पुडी उघडलेली असते.

एक उदाहरण

समजा, संग्रामपूर तालुक्यातील एक बेचाळीस वर्षांचा कापूस उत्पादक शेतकरी आपल्याप्रमाणेच दूरशिक्षणाने पदवी घेत आहे. चौदा वर्षांपासून तो खर्रा खातो. अलीकडे भाकरीचा मोठा घास घेताना तोंड पुरेसे उघडत नाही, म्हणून तो दंतवैद्याकडे गेला. सामान्यतः स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात. त्याची दोनच गेली. खऱ्यातील सुपारीमुळे तोंडाचे आतील अस्तर ताठर होत जाते, आणि या अवस्थेतून कर्करोगही उद्भवू शकतो. आलेला ताठरपणा खर्रा सोडल्याने पूर्णपणे जाईलच असे नाही. खर्रा चालू ठेवल्यास मात्र तो वाढत जातो. त्याने सोडण्याचे ठरवले. अडचण रात्री नऊला येते. जेवण झालेले असते, वही समोर असते आणि हात सदऱ्याच्या खिशाकडे जातो.

पुडी त्या दिवशी घरात नाही, ही पहिली तयारी. नऊ वाजून दहा मिनिटांनी तलफ जाणवते. तो पाठ ताठ ठेवून, पाय जमिनीवर टेकवून बसतो आणि तलफ शरीरात नेमकी कोठे आहे याचा शोध घेतो. गालाच्या आत, जेथे खर्रा ठेवण्याची सवय आहे, तेथे लाळ सुटली आहे. जबडा आवळला आहे. छातीत एक घाई आहे. शून्य ते दहा या मापावर तो तिला चार गुण देतो. मग एका जागेवर, समजा गालाच्या आत, लक्ष ठेवतो आणि सहज चालणारा श्वास चालू देतो. ती संवेदना ओढल्यासारखी आहे की टोचल्यासारखी, तिची कडा कोठे संपते, ती स्थिर आहे की हलते, एवढेच तो पाहतो. दोन मिनिटांनी ती सातवर जाते. येथे मन म्हणते, ‘ही आता थांबणार नाही’. त्या वाक्यालाही तो उत्तर देत नाही. एक विचार आला अशी नोंद घेऊन पुन्हा गालाकडे येतो. आणखी दोन मिनिटांनी आठ, मग काही क्षण तेवढीच, मग सहा. साडेनऊच्या आधी ती दोनवर येते. पुढच्या चहानंतर ती पुन्हा उठेल. एका रात्रीत अशा तीन-चार लाटाही येऊ शकतात. हे आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाची लाट इतकीच उंच किंवा इतकीच लांब असत नाही.

कोठे चुकते?

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे या रीतीला झुंज समजणे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले होते. ते अस्वल त्यांच्या मनात वारंवार येत राहिले. ‘खऱ्याचा विचार करायचा नाही’ असे दात आवळून म्हणणाऱ्याचेही तेच होते. आपण पाहत आहोत की झुंजत आहोत, हे ओळखण्याची खूण शरीरातच मिळते. श्वास रोखलेला, खांदे कानांकडे चढलेले आणि डोळे घड्याळावर खिळलेले असतील, तर झुंज चालू आहे.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. तलफेची संवेदना पाहण्याऐवजी मनुष्य खर्रा घोटण्याचा आवाज, त्याचा वास, पहिल्या चिमटीची चव यांची चित्रे रंगवत बसतो. अशी सविस्तर कल्पनाचित्रे तलफेला तेल घालतात. लक्ष गालातील ताणाकडे असावे, पुडीकडे नव्हे.

तिसरी चूक अधिक महाग पडते. आठ मिनिटे थांबून, लाट ऐन माथ्यावर असताना हार मानली, तर शरीर असा धडा घेते की पुरेसा जोर लावल्यास मागणी पूर्ण होते. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे बक्षीस सवयीला अधिक चिवट करते. म्हणून सुरुवात सर्वांत तीव्र लाटेपासून करू नये. दुपारच्या चहाची साधी तलफ प्रथम सरावाला घ्यावी. ‘घे ना भाऊ, एका चिमटीनं काय होते!’ म्हणणारा स्नेही समोर असेल, तर तेथून उठून जाणे इष्ट. पाहण्याचा सराव एकांतात पुष्कळ करता येतो.

चौथी चूक अपेक्षेची आहे. सारा बोवेन आणि मार्लाट यांनी १९ शे च्या नव्हे, तर २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२३ धूम्रपान करणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्यांतील काहींना लाटेवर स्वार होण्याची थोडक्यात शिकवण दिली. पुढील सात दिवसांत या गटाने इतरांहून कमी सिगारेटी ओढल्या. परंतु तलफेच्या तीव्रतेत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. ‘तलफ आली म्हणजे माझे चुकले’ असे मानणारा विद्यार्थी म्हणूनच पहिल्याच आठवड्यात निराश होतो. बदल प्रथम तलफेत होत नाही. तलफ आणि हात यांच्यामधील अंतरात होतो. अर्थात, सात दिवसांच्या एका अभ्यासावरून वर्षभराच्या यशाचा निष्कर्ष काढता येत नाही.

मर्यादा

दीर्घकाळ रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ही रीत वापरून घरी एकाएकी दारू थांबवू नये. हात थरथरणे, घाम, आकडी आणि भ्रम ही दारू तुटल्यावर उद्भवणारी लक्षणे तलफ नव्हेत. ती पाहत बसणे जीवावर बेतू शकते. तेथे प्रथम वैद्यकीय उपचार हवेत. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांमध्ये रुग्णांना दाखल करून घेतले जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. तंबाखूच्या बाबतीत असा धोका नसतो. पहिल्या आठवड्यात लाटा फारच उंच असतील, तर वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनची गोळी किंवा च्युइंगगम घेता येते. त्याने या सरावात बाधा येत नाही. पूर थोडा खालच्या दगडापर्यंत राहतो, इतकेच. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे.

स्वाध्याय

‘तलफ भागवणे’ आणि ‘लहर ओसरणे’ या शब्दप्रयोगांत दडलेली गृहीते आपल्या शब्दांत स्पष्ट करा. आपल्या बोलीत अशा ओढीसाठी वापरले जाणारे आणखी तीन शब्द मिळवा आणि त्यांच्यासोबत कोणती क्रियापदे येतात ते नोंदवा. चहा, भ्रमणध्वनी किंवा गोड पदार्थ यांपैकी एखादी साधी तलफ निवडून सलग चार दिवस तिची वेळ, निमित्त, शरीरातील जागा आणि दर दोन मिनिटांनी शून्य ते दहा या मापावरील गुण वहीत लिहा. ज्या दिवशी ती भागवली, त्या दिवसाची नोंदही वगळू नका.