गुरुवारची रात्र आणि गिऱ्हाइकाला द्यायची सूचना

व्यापारी बांधवांनो, बिलाचा संगणक दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असेल तर पेठेत ते कसे सांगावे, हे मी एकदा चुकून शिकलो. माझे दुकान मालेगावचे, माल लूमचा, गिऱ्हाईक धुळे-जळगावकडचे. पहिल्या वेळी मी एवढेच कळवले होते, "तांत्रिक कारणास्तव व्यवहार तात्पुरते बंद." दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने उधारीचा हप्ता थांबवला. त्यांच्या कानावर गेले होते, "पेढी बंद पडली." बाजारात "व्यवहार बंद" या शब्दांचा अर्थ दिवाळे असाच घेतला जातो. म्हणून काय बंद आणि काय चालू, हे वेगवेगळे लिहिले पाहिजे. बंद असते ते बिल काढणे आणि खात्याचा उतारा देणे. दुकान, फोन, माल दाखवणे आणि बँकेचे खाते चालूच असते.

दुसरी चूक वेळेची. आमच्याकडे लूमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून काम गुरुवारी रात्री घ्यायचे ठरले. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, तोंडून "जुम्मे की रात" निघून गेले. आपल्या बुजुर्गांच्या हिशेबात दिवस मगरिबला बदलतो, म्हणून ती रात्र गुरुवारची. जळगावच्या मंडळींनी मात्र शुक्रवारची रात्र धरली. "रात्री 12 वाजता" यातही असाच घोळ होतो, कारण ते कोणत्या तारखेचे 12 हे कळत नाही. सूचनेत वार, तारीख आणि तास तिन्ही लिहावेत, आणि मध्यरात्रीची वेळ शक्यतो देऊच नये.

मुदत किती सांगायची? कारागीर म्हणाला, "दहा तास." त्यात डेटाची नक्कल 2 तास, नवीन मशीनवर चढवणे 6 तास आणि जुळवणी 2 तास. पण जुळले नाही तर जुन्या मशीनवर परतायलाही वेळ लागतो, तो त्याने धरलाच नव्हता. गुरुवारी रात्री 8 ला बंद केले तर सकाळी 6 ला काम संपायला हवे. मी गिऱ्हाइकाला शुक्रवार संध्याकाळी 6 सांगितले. मनाशी ठरवले की दुपारी 1 पर्यंत शेवटचा बिल क्रमांक, चार मोठ्या गिऱ्हाइकांची बाकी आणि ठाणांचा साठा आधी काढलेल्या छापील उताऱ्याशी जुळला नाही, तर जुने मशीन लावायचे. लवकर सुरू झाले तर कोणी तक्रार करत नाही. उशीर होणार असेल तर सांगितलेली वेळ टळण्याआधी नवी वेळ कळवावी.

आता गिऱ्हाइकाने मधल्या काळात काय करायचे? जळगावला दीड लाखाचे कापड जायचे आहे असे धरा. राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते, आणि त्यात आमचा बिल क्रमांक हवा. म्हणून ऑर्डर गुरुवारी दुपारी 3 पर्यंत मागवायची आणि 5 पर्यंत बिल करायचे. गाडी शुक्रवारी निघणार असेल तर फक्त पहिला भाग, म्हणजे भाग अ, भरून ठेवावा. तो 15 दिवस चालतो. मुदत मोजली जाते गाडीचा क्रमांक भरल्यापासून. 200 किलोमीटरपर्यंत एक दिवस, तोही दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. सरकारी पोर्टल आमच्या संगणकावर अवलंबून नाही, त्यामुळे गाडी क्रमांक मोबाइलवरूनही भरता येतो.

अडीअडचणीला हातबिलाचे पुस्तक ठेवावे. त्याची क्रममाला वेगळी असावी, जसे "H-001", आणि नंतर ती बिले त्याच क्रमांकाने संगणकात चढवावीत. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर गेलेल्यांना मात्र ई-इनव्हॉइस लागते, व्यापाऱ्याला दिलेल्या मालावर त्यांचे हातबिल चालत नाही. त्यांनी गाडीच पुढे ढकलावी.

सर्वांत नाजूक गोष्ट पैशांची. पैसे पाठवले आणि पावती आली नाही तर गिऱ्हाईक घाबरून पुन्हा पाठवतो, मग परत करण्याचा हिशेब वाढतो. शिवाय अशाच वेळी कोणी ठग "सिस्टीम बदलली, या नव्या खात्यात भरा" असा निरोप पाठवू शकतो. यासाठी शेवटी मी असे लिहिले, आणि तीन दिवस आधी व पुन्हा गुरुवारी सकाळी पाठवले:

"गुरुवार (तारीख) रात्री 8 पासून शुक्रवार (तारीख) संध्याकाळी 6 पर्यंत आमचे बिल व खाते-उतारा बंद राहील. दुकान व फोन चालू आहेत. शुक्रवारी लागणाऱ्या मालाची ऑर्डर गुरुवारी दुपारी 3 पर्यंत द्यावी. या काळात भरलेल्या रकमेची पावती शनिवारी मिळेल, पुन्हा भरू नये. आमचे बँक खाते बदललेले नाही. बदलाचा निरोप आल्यास नेहमीच्या नंबरावर फोन करून विचारावे."

त्या शुक्रवारी जळगावहून दोनच फोन आले. एक पावतीचा होता, दुसरा पांढऱ्या पॉपलीनच्या भावाचा.