लांबलचक मेसेजचा ४० सेकंदांचा व्हॉइस मेसेज कसा करायचा?

व्हिडिओत एक फराळाची जाहिरात आपण घेतली होती. ती इथे नीट उलगडून बघू. डोंबिवलीत घरून फराळ करणाऱ्या एका ताईंचा मेसेज समजा असा आहे:

"सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात आनंद होतो की, दरवर्षीप्रमाणे यंदाही दिवाळी फराळाची (चकली/करंजी/चिवडा/शंकरपाळी/बेसन लाडू, प्रत्येकी ५०० ग्रॅ.) आगाऊ नोंदणी सुरू करण्यात आली आहे. दि. २५/१०, रविवारपर्यंत ५०% रक्कम भरणाऱ्यांचीच नोंदणी ग्राह्य धरली जाईल. माल दि. ३/११ पासून मिळेल. पूर्ण सेट रु. १,६५०/-. सुटे पदार्थही उपलब्ध, दरपत्रक सोबत. घरपोच सेवा फक्त डोंबिवली पूर्व, शुल्क रु. ६०/-."

हा मजकूर चुकीचा नाही. पण हाच वाचून रेकॉर्ड केला, तर सरकारी नोटीस वाचल्यासारखा वाटतो. डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो, कानाला तशी सोय नाही.

म्हणून आधी लिहायला बसू नका, आधी निवड करा. प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचारा: हे ऐकायचं राहिलं तर ऑर्डर बुडेल किंवा भांडण होईल का? तारीख राहिली तर ऑर्डर बुडेल. निम्मे पैसे आगाऊ, हे राहिलं तर भांडण नक्की. गिऱ्हाईक म्हणणार, "अहो, मी तर 'हो' म्हटलं होतं!" आणि तोवर तुमचा चिवडा संपलेला. या दोन गोष्टी आवाजात हव्यातच. सेटचा भाव, सुट्या पदार्थांचे दर, घरपोच शुल्क हे लोक परत परत बघतात, ते खाली लिहूनच पाठवा. पैसे भरायचा नंबर तर कधीच बोलून सांगू नका. फोनवर 'सात' आणि 'साठ' यांतही गोंधळ होतो.

आता स्क्रिप्ट:

"नमस्कार, मी फराळवाली ताई बोलतेय. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायला सुरुवात केलीय. पूर्ण सेटमध्ये चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू, सगळं अर्धा-अर्धा किलो.

ऑर्डर मी रविवारपर्यंतच घेणार आहे, म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत. त्यानंतर भाजणी दळायला जाते, मग वाढवून करता येत नाही. आणि निम्मे पैसे आले, की तुमची ऑर्डर पक्की.

हवा असेल तर फक्त 'फराळ' एवढं लिहून पाठवा. दर आणि पैसे कसे भरायचे, ते खाली लिहिलंय. रविवारपर्यंत हं!"

साधारण ७० शब्द आहेत. शांतपणे बोललात तर ४० सेकंदांच्या आसपास बसतं. पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, स्वतः मोबाइलवर वेळ लावून वाचा. मराठीत 'पर्यंत', 'साठी' अशी शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द कमी दिसले तरी बोलायला वेळ जातो.

बदल काय झाले बघा. 'सुरू करण्यात आली आहे'चं 'सुरुवात केलीय' झालं. करण्यात येते, दिली जाईल, धरली जाईल, अशी क्रियापदं दिसली की विचारा, हे करणार कोण? उत्तर 'मी' असेल तर 'मी' म्हणा. कंस आणि तिरकी रेघ बोलता येत नाहीत, त्यांची वाक्यं करावी लागतात. तारीख वाराबरोबर सांगितली, कारण मेसेज चार दिवसांनी ऐकणाऱ्याला नुसतं 'रविवार' म्हटलं तर कुठला ते कळणार नाही. आकडे अक्षरांत लिहिले, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. आणि भाजणीचं कारण मूळ मेसेजमध्ये नव्हतंच! ते मुद्दाम घातलं, कारण नुसती मुदत सांगितली तर लोक "एक दिवस चालवून घ्या ना" म्हणतात.

रेकॉर्ड करण्याआधी उभं राहून दोनदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य तोडा. जिथे दोन्ही वेळा तुम्ही लिहिलंय त्याऐवजी वेगळंच बोलून गेलात, तिथे बोललेलं ठेवा, लिहिलेलं खोडा. पण पाठ करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं.

शेवटची तपासणी: मेसेज आधी घरातल्या कुणाला तरी पाठवा आणि दीडपट वेगाने ऐकायला सांगा, बरेच जण व्हॉट्सॲपवर तसंच ऐकतात. मग विचारा, "कधीपर्यंत? आणि ऑर्डर पक्की कधी होणार?" दोन्ही उत्तरं बरोबर आली तर पाठवा. तारीख निसटली असेल तर तिच्याआधी थोडं थांबून पुन्हा रेकॉर्ड करा. आणि दरांचा लेखी मेसेज कॉपी करून तयार ठेवा, तो आवाजापाठोपाठ लगेच गेला पाहिजे. मध्ये अर्धा तास गेला, की "भाव काय?" विचारणारे वीस मेसेज येऊन पडतात.